कातरलेल्या कानाची गाडी

मायाक्काच्या तोंडाला लागायचं धाडस होटगी रोडवरच्या त्या मेसमध्ये कुणी करत नसे. मेसचा मालकसुद्धा तिच्याशी बोलायचं असलं की आधी ती तव्यावरून भाकरी उतरवेपर्यंत थांबायचा. बाई पन्नाशी ओलांडलेली, हाडापेरानं मजबूत, गुडघे तेवढे कामातून गेलेले. सांगोल्याकडच्या धनगराची लेक. नवरा वारल्यावर पोराला घेऊन सोलापुरात आली आणि भाकरी थापून तिनं दिवस काढले. सकाळी मेस, मग दोन बंगले, संध्याकाळी परत मेस. अशी भाकरी थापायची की पापुद्रा टम्म फुगून वर यायचा, आणि तेवढ्याच टम्म तिचा राग फुगायचा. फरक एवढाच, की भाकरी मिनिटात खाली बसायची.

ती राहायची जुळे सोलापुरात आणि कामं सगळी आसरा पुलाच्या पलीकडं. गुडघे धड होते तोवर ती चालत गेली. मग रिक्षाच्या नादी लागली. रिक्षावाला माणसं भरेपर्यंत हलायचा नाही, तिला उशीर व्हायचा, आणि मेसवाला घड्याळाकडं बघायचा. त्या बघण्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गाडी शिकावी म्हणून ती एकदा लायसनच्या परीक्षेलाही जाऊन आली. शाळा दुसरीपर्यंत. पडद्यावर प्रश्न यायचा आणि ती अक्षराला अक्षर जोडून वाचेपर्यंत निघून जायचा. नापास झाली. पुन्हा या, म्हणाले तिथले लोक, चांगल्या शब्दांत म्हणाले. पण मायाक्काला ते झोंबलं. पुन्हा काही ती गेली नाही.

मग कुणीतरी सांगितलं, की बॅटरीवरची एक हळू चालणारी गाडी मिळते. तिला ना लायसन लागतं, ना नंबर, ना विमा. अट एकच, मोटर लहान असते आणि ताशी पंचवीसच्या पुढं ती जात नाही. मायाक्का दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. दुकान उदयसिंह नावाच्या माणसाचं. त्यानं तिला दोन्ही प्रकार दाखवले, खोटं कशाला बोला. ही मोठी, जोरात पळणारी. पूल चढते, दोघांना ओढते, रस्त्यावर बाकीच्या गाड्यांच्या बरोबरीनं चालते, चोरीला गेली तर विम्यातून भरपाई मागता येते. पण लायसन हवं, नंबर हवा, आणि किंमत जास्त. ही लहान, घरच्या प्लगवर चार्ज करा आणि निघा. पण चढाला दमणार, मागं माणूस बसला की अजून दमणार, आणि बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागणार. मायाक्कानं लहान गाडीच्या सीटवर थाप मारली आणि म्हणाली, हीच. वर उदयसिंहानं डोळा मिचकावून सुचवलं, की आत एक तार असते, ती काढली की हीच गाडी चाळीसनं पळते, सगळेच काढून घेतात. मायाक्कानं त्याच्याकडं असं काही बघितलं की तो विषय तिथंच संपला.

गाडी लाल होती. पाठीला पिठाचा डबा बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून मायाक्का निघाली, की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून बेजार व्हायचे. ती डावीकडून आपली जायची. आसरा पुलाच्या चढाला गाडी अगदी रडकुंडीला यायची, शेजारून सायकलवाली पोरं हसत पुढं जायची. मायाक्का त्यांना कचकचीत शिव्या घालायची, आणि उताराला लागली की स्वतःशीच हसायची. कारण आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाची वाट न बघता कुठंतरी निघाली होती. उशीर झाला तर तिच्यामुळं, लवकर पोचली तर तिच्यामुळं. ह्या सुखाची चव ज्याला रोज मिळते त्याला कळायची नाही.

एक गोष्ट मात्र तिला खुपायची. गाडीला नंबर नाही. बाजारात गाडी लावली की शेजारी अगदी तशीच दुसरी लाल गाडी, आणि आपली कुठली तेच कळेना. मग तिनं एक दिवस काय केलं, तर भाकरी उलटायचं लोखंडी उलथणं चुलीत लालभडक तापवलं आणि मागच्या मडगार्डच्या डाव्या कोपऱ्याचं टोकच उडवलं. उजव्या कोपऱ्याला एक उभी चीर दिली. तिचा बाप आपली मेंढरं अशीच ओळखायचा. डावा कान टोकाला कातरलेला, उजव्याला चीर. शंभर मेंढरांत मिसळलं तरी आपलं मेंढरू वेगळं निघायचं.

तिचा पोरगा बिरुदेव ती खूण बघून लाजेनं अर्धा झाला. चोवीस वर्षांचा, मोबाईलच्या दुकानात कामाला, शर्टाला इस्त्री. आधीच ती गोगलगाय गाडी त्याला आवडत नव्हती. दोस्त त्याला, आईची गाडी ढकलायला येऊ का, म्हणून छळायचे. त्यात आता जळका कान. तो म्हणाला, की लोक काय म्हणतील. मायाक्का म्हणाली, की लोकांना आपली गाडी कुठली ते माहीत असतं का विचार. खरं सांगायचं तर त्याला काळजीही होती. एकदा एका टेम्पोनं तिला इतकं घासून ओलांडलं होतं की पिठाचा डबा रस्त्यावर सांडला. त्या दिवसापासून तो सारखा म्हणायचा, रस्ता पन्नासनं पळतोय आणि तू पंचवीसनं, हे धोक्याचं हाय. बोलण्यात तथ्य होतं. पण मायाक्काला उपदेश आवडत नसे, आणि पोटच्या पोराचा तर मुळीच नाही.

आणि मग गाडी चोरीला गेली.

बिरुदेव दही आणायला म्हणून घेऊन गेला होता. चालत परत आला. दुकानाबाहेर लावली होती, बाहेर येऊन बघतो तर जागा मोकळी, असं त्यानं सांगितलं, आणि उंबऱ्यात बसून ढसाढसा रडला. मायाक्का त्याला एका शब्दानं टाकून बोलली नाही. उलट जवळ घेतलं, पाणी दिलं, आणि त्या न बघितलेल्या चोराच्या सात पिढ्या उद्धारल्या.

चौकीत गेली तेव्हा हवालदारानं पहिला प्रश्न विचारला, नंबर काय. नंबर नाही म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. नंबर असता तर राज्यात कुठंही गाडी अडवली की कळलं असतं, आता लाल गाडी म्हणून शोधायची तर सोलापुरात लाल गाड्या काय थोड्या आहेत, असं तो म्हणाला. विमा नाही म्हणजे तिकडूनही काही मिळणार नाही. दुकानाचं बिल आणा, त्यावर सांगाड्याचा, म्हणजे चासीचा नंबर असतो, एवढं त्यानं सांगितलं. मायाक्कानं ट्रंक उलटी केली, बिल सापडेना. तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. मडगार्डची खूण तिनं हवालदाराला सांगितली, तर त्यानं ती हसून लिहून घेतली.

पुढच्याच आठवड्यात बिरुदेव नवी गाडी घेऊन दारात उभा राहिला. मोठी, पळणारी, हिरव्या पाटीवर पांढऱ्या आकड्यांचा नंबर. हप्त्यावर घेतली म्हणाला. आता मी तुला सोडत जाईन, तू मागं बस राणीसारखी, म्हणाला. मायाक्काचे डोळे भरून आले. पोरानं आईसाठी केलं म्हणून तिनं गल्लीत पेढे वाटले.

राणीचं सुख कसलं असतं ते पहिल्या सोमवारीच कळलं. मायाक्का डबा बांधून दारात, आणि बिरुदेव पांघरुणात. उठला, आंघोळ, भांग, मोबाईल, मग गाडी. पूल नव्या गाडीनं खरंच एका दमात चढला, वाऱ्यासारखा, मायाक्काला मान्य करावं लागलं. पण मेसमध्ये पोचली तेव्हा पोरं ताटं घेऊन बसलेली आणि मालक घड्याळाकडं बघत. दुपारी बंगल्यांवरून सुटली की बिरुदेवच्या फोनची वाट बघत चौकात उभी. कधी गिऱ्हाईक आलंय, कधी थोडं थांब, कधी आज रिक्षानं ये. गाडी दारात उभी असायची तेव्हाही तिच्या कामाची नव्हती, कारण तिच्याकडं लायसन नव्हतं. महिनाभरात एका बंगल्यानं दुसरी बाई बघितली. मायाक्का रस्त्याच्या कडेला उभी राहून दातओठ खायची आणि सगळा राग त्या चोरावर काढायची.

आणि एके दुपारी, आसरा चौकात अशीच उभी असताना, तिच्या समोरून एक निळी गाडी गेली. रंग निळा, सीट नवी, वर फुलांचे स्टिकर. पण मागच्या मडगार्डचा डावा कान कातरलेला आणि उजव्याला चीर.

मायाक्काची गुडघेदुखी कुठं पळाली कुणास ठाऊक. ती अशी धावली की पाणीपुरीवाला बघतच राहिला. सिग्नलला गाडी थांबली आणि हिनं मागून कॅरियर धरलं. गाडीवर ईरम्मा नावाची बाई होती, अक्कलकोटकडची, शिवणकामाची पिशवी हँडलला अडकवलेली. ती घाबरून कानडीत, बिड्री, बिड्री, म्हणत राहिली. मायाक्का सोडते कसली. चोरटे म्हण, भामटे म्हण, जे तोंडात येईल ते. गर्दी जमली. ईरम्मा रडवेली होऊन सांगायला लागली, की मी चोर नाही, मी उदयसिंहाच्या दुकानातून जुनी गाडी रीतसर विकत घेतली, मला पण लायसन नाही म्हणून घेतली. शेवटी तोच हवालदार आला. मडगार्ड बघितलं, आणि ह्या वेळी तो हसला नाही. तिघं मिळून दुकानात गेली.

उदयसिंहाला वाटलं मायाक्का दुसरी गाडी घ्यायला आली. हसत पुढं आला. हवालदार दिसला आणि हसू आटलं. मायाक्कानं चोराचं नाव मागितलं. तो गोंधळला. एकदा हिच्याकडं बघतो, एकदा गाडीकडं. मग अडखळत म्हणाला,

"बाई, चोरी कसली? तुमच्या बिरुदेवनंच आणून दिली की. बिल, दोन्ही चाव्या, चार्जर, सगळं दिलं. तिची किंमत नव्या गाडीत वळती केली. मला वाटलं तुमास्नी ठाऊक हाय."

मायाक्का खुर्चीवर बसली. तिला आठवला तो उंबऱ्यात बसून रडणारा पोरगा, आणि त्याला पाणी देणारी आपण. पेढे आठवले. एवढे दिवस चोराच्या ज्या सात पिढ्या उद्धारल्या त्या तिच्याच होत्या, म्हणजे घातलेल्या सगळ्या शिव्या तिच्याच घरात पडल्या. रडावंसं वाटलं, पण तिला रडण्याआधी नेहमी राग यायचा आणि आत्ताही तोच आधी आला. तिनं बिरुदेवला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, उदयसिंहाच्या दुकानात ये.

तो येईपर्यंत ती गप्प बसली नाही. तिनं आपली गाडी ताब्यात घेतली, चावी फिरवली आणि दुकानासमोरच चक्कर मारायला निघाली. हँडल जरासं पिळलं आणि गाडी अशी उसळली की मायाक्का समोरच्या लिंबाच्या झाडावर जाता जाता वाचली. तार काढलेली होती. ईरम्माला ह्याचा पत्ताच नव्हता. तिला वाटायचं गाडी अशीच असते, फक्त चार्जिंग लवकर का संपतं एवढंच तिला कळत नव्हतं. मग हवालदाराचा आवाज चढला. पंचवीसच्या आत आहे तोवर ती बिनलायसनची. तार काढली की कायद्यानं ती मोटारगाडी, तिला नंबर पाहिजे, विमा पाहिजे, चालवणाऱ्याला लायसन पाहिजे, आणि अशा गाडीला नंबर तर मिळतच नाही. उद्या ह्या बाईनं कुणाला उडवलं असतं तर जेलात कोण गेलं असतं, तू का ती, असं त्यानं उदयसिंहाला विचारलं. उदयसिंह घाम पुसत राहिला. मायाक्कानं मेकॅनिकला समोर उभं राहून तार परत जोडायला लावली. मग उदयसिंहाला सांगितलं, की ह्या बाईला आत्ताच्या आत्ता तसलीच दुसरी गाडी द्यायची, तार जोडलेली, आणि वर एक शब्द बोलायचा नाही. हवालदार शेजारी उभा असल्यामुळं उदयसिंहाला ते लगेच पटलं. ईरम्मानं मायाक्काचा हात धरला. मायाक्कानं तोंडातून काढलेल्या शिव्यांबद्दल तिची माफी मागितली, पण तीही अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला ती आणखी एक शिवीच वाटावी.

बिरुदेव आला. हिरव्या पाटीची गाडी उभी केली, आत आला, निळी गाडी बघितली आणि जागीच थांबला. हवालदारानं वही उघडली. तक्रार आधीच आहे, आता चोराचं नाव तेवढं लिहायचं, नाव सांगा म्हणाला.

मायाक्का पोराकडं बघत होती. बिरुदेव हळू आवाजात बोलायला लागला. तुझ्यासाठीच केलं. तुला टेम्पो घासून गेला होता. तुला सांगितलं असतं तर तू दिली नसतीस. नव्या गाडीला सुरुवातीचे पैसे पाहिजे होते. ही नवी गाडी परत देतो, पण लगेच जमायचं नाही. तिला नंबर पडलाय, गाडीच्या पुस्तकावर माझं नाव हाय आणि कर्ज म्हणून बँकेचंबी हाय. ती इकायची म्हणजे माझी सही लागती, बँकेचं पत्र लागतं.

"तुझी सही लागती व्हय?" मायाक्का उठली. "आणि माझ्या गाडीला माझी सही लागत न्हवती, म्हणून मला इचारायचं बी न्हाय? कागद न्हाय म्हणून ती कुणाचीच न्हवती व्हय रं?"



हवालदार वही धरून उभाच होता. मायाक्कानं त्याला सांगितलं, की गाडी सापडली, तक्रार मिटवून टाका. चोराचं नाव काय लिहू, त्यानं पुन्हा विचारलं. तिनं आपली चावी मुठीत घेतली आणि दाराकडं वळली. हवालदाराला पण घरी पोरं असावीत, त्यानं वही मिटली.

ती आपल्या गाडीवर बसून निघाली. मागून बिरुदेव. पुलाच्या चढाला तिची गाडी नेहमीप्रमाणं रडकुंडीला आली, आणि मागं तो, पन्नासनं पळू शकणारी गाडी घेऊन, तिच्या चालीनं. ट्रकवाले दोघांनाही हॉर्न देत होते. पुढं जायची त्याची हिंमत झाली नाही, आणि तिनं एकदाही मागं बघितलं नाही.

घरी आल्यावर तिनं पाय धुतले नाहीत, पाणी प्यायली नाही. चूल पेटवली आणि उलथणं आत खुपसलं. बिरुदेव दारात उभा होता. भाकरी करते की काय असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं पिठाचा डबा पुढं सरकवला. मायाक्कानं तो पायानं बाजूला केला. उलथणं लाल झालं तसं ते धरून ती बाहेर आली आणि हिरव्या पाटीच्या नव्या कोऱ्या गाडीमागं उकिडवी बसली. तेव्हा त्याला कळलं. आई, नवी हाय, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"नवी हाय, पण ती माझ्या गाडीच्या पैशावर उभी हाय," ती म्हणाली. "नंबर सरकारचा असंल, नाव तुझं असंल. खूण माझी ऱ्हाईल. धर नीट, हलू देऊ नगंस."

बापाच्या मेंढवाड्यावर मेंढराचा कान कातरताना कुणीतरी त्याला गच्च धरून ठेवायचं. बिरुदेवनं दोन्ही हातांनी हँडल धरलं. मायाक्कानं डावा कोपरा टोकाला उडवला, आणि उजव्याला सावकाश चीर दिली. प्लास्टिक जळल्याचा वास गल्लीभर पसरला, शेजारची बसम्मा काय झालं म्हणून बाहेर आली आणि मायाक्काचा चेहरा बघून तशीच आत गेली. बिरुदेव रडत होता. ह्या वेळी मायाक्कानं त्याला पाणी दिलं नाही.

मग ती आत गेली, आपल्या गाडीची बॅटरी चार्जिंगला लावली, आणि दोन्ही चाव्या कनवटीला खोचून सकाळच्या पिठाची तयारी करायला बसली.